n व्या अवकलजाच्या मागावर

1/x या फलनाचा पन्नासावा अवकलज किती? पन्नास वेळा अवकलन करत बसलं तर उत्तर मिळेलच, पण तसं कुणी करत नाही. पहिले चार-पाच अवकलज काढायचे, प्रत्येक पायरीवर काय बदलतं आणि काय तसंच राहतं ते बघायचं, आणि त्यावरून n व्या अवकलजाचं सूत्र मांडायचं. मग n च्या जागी 50 ठेवला की झालं. पदवीच्या पहिल्या वर्षी कॅल्क्युलसमध्ये अशा सूत्रांची एक यादी असते आणि ती बहुतेक वेळा पाठ केली जाते. पण ती सूत्रं सुचतात कशी, आणि काही साध्यासुध्या दिसणाऱ्या फलनांना अशी सूत्रं का मिळत नाहीत, हे मला त्या यादीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं.

1/x पासूनच सुरुवात करू. ते x⁻¹ असं लिहिलं की नियम एकच: घातांक गुणक म्हणून पुढे येतो आणि घातांक स्वतः एकाने कमी होतो. पहिल्या अवकलजाला y₁, दुसऱ्याला y₂ असं म्हणत गेलो तर मिळतं ते असं:

y₁ = −x⁻²
y₂ = 2x⁻³
y₃ = −6x⁻⁴
y₄ = 24x⁻⁵

१, २, ६, २४ हे आकडे ज्याने क्रमगुणित पाहिले आहेत तो लगेच ओळखेल. पण ज्याने पाहिले नाहीत त्याला इथे चार सुटे आकडे दिसतील. आता हेच अवकलज गुणाकार न करता लिहू:

y₁ = (−1) x⁻²
y₂ = (−1)(−2) x⁻³
y₃ = (−1)(−2)(−3) x⁻⁴
y₄ = (−1)(−2)(−3)(−4) x⁻⁵

आता ओळखायचं काही उरलंच नाही. प्रत्येक पायरीवर एक नवा गुणक आला आणि चिन्ह सोडलं तर तो आधीच्यापेक्षा एकाने मोठा आहे. n व्या पायरीवर n गुणक असणार, प्रत्येकात एक ऋणचिन्ह असणार, आणि घातांक −(n+1) असणार. म्हणून

yₙ = (−1)ⁿ n! / xⁿ⁺¹

पन्नासावा अवकलज 50!/x⁵¹ आहे, आणि ५० सम असल्यामुळे त्याच्यापुढे ऋणचिन्ह नाही. या कामात पाळायची पहिली शिस्त हीच: गुणाकार करून टाकायचा नाही. शाळेत आपल्याला प्रत्येक पायरीवर उत्तर सोपं करायची सवय लागलेली असते. इथे ती सवय नडते, कारण गुणाकार केला की कोणता आकडा कुठून आला याची खूणच पुसली जाते.

ती खूण पुसली की काय होतं, हे √x वर नीट कळतं. गुणाकार करत गेलो तर √x च्या पहिल्या पाच अवकलजांचे सहगुणक असे येतात: 1/2, −1/4, 3/8, −15/16, 105/32. चिन्हं आलटून पालटून येतात आणि छेदात दोनाचे घात आहेत, हे सहज दिसतं. अंशांचं काय? चौथ्या अवकलजापर्यंतच थांबलेल्या माणसाकडे १, १, ३, १५ एवढे आकडे असतात. ३ म्हणजे 2² − 1, १५ म्हणजे 2⁴ − 1, तेव्हा पुढचा 2⁶ − 1, म्हणजे ६३ असणार, असा अंदाज कुणीही करील आणि तो अगदी शहाणपणाचा वाटेल. प्रत्यक्षात पुढचा अंश १०५ आहे. गुणाकार न करता लिहिलं असतं तर ही फसगत झालीच नसती:

y₄ = (1/2)(−1/2)(−3/2)(−5/2) x^(−7/2)

१५ हा आकडा १·३·५ मधून आलेला आहे आणि पुढचा गुणक (−7/2) आहे, हे इथे उघड दिसतं. सूत्र असं होतं:

yₙ = (−1)ⁿ⁻¹ · 1·3·5···(2n−3) / 2ⁿ · x^((1−2n)/2),  n ≥ 2

शेवटची n ≥ 2 ही अट शोभेसाठी नाही. n = 1 ठेवला तर विषम संख्यांचा तो गुणाकार −1 वर संपायला हवा, आणि त्याला सरळ अर्थ नाही. अशी तळाची गफलत फार वेळा होते. log x चंच बघा. त्याचा पहिला अवकलज 1/x, म्हणजे त्याचा n वा अवकलज हा 1/x चा (n−1) वा अवकलज. म्हणून सूत्रात n! येत नाही, (n−1)! येतं, आणि चिन्ह (−1)ⁿ⁻¹ असतं. घाईत n आणि n−1 यांची अदलाबदल झाली की सगळीच उत्तरं चुकतात. ही चूक पकडायला फार कष्ट लागत नाहीत. सूत्र तयार झालं की त्यात n = 1 आणि n = 2 ठेवायचे आणि हाताने काढलेल्या y₁, y₂ शी ताडून बघायचे.

पण पहिल्या दोन-चार पायऱ्या जुळल्या म्हणजे सूत्र सिद्ध झालं असं नाही. 2⁶ − 1 वाला अंदाजही दोन आकड्यांशी जुळतच होता. सूत्र पक्कं करायला गणिती विगमन लागतं, आणि अवकलजांच्या बाबतीत ते फार थोडक्यात होतं: n व्या पायरीचं सूत्र खरं आहे असं धरायचं, त्याचं एकदाच अवकलन करायचं, आणि n च्या जागी n+1 ठेवून मिळणारं सूत्रच हाती येतं का ते पाहायचं. √x च्या सूत्राचं अवकलन करताना (1−2n)/2 हा घातांक पुढे येतो. तो म्हणजेच −(2n−1)/2. त्यातलं ऋणचिन्ह (−1)ⁿ⁻¹ ला (−1)ⁿ करतं, (2n−1) ही विषम संख्यांच्या साखळीतली नेमकी पुढची संख्या आहे, आणि २ मुळे छेद 2ⁿ⁺¹ होतो. तिन्ही गोष्टी जागच्या जागी बसतात. तळाशी n = 2 आपण हाताने तपासलेलाच आहे, तेव्हा सूत्र सिद्ध झालं. 2⁶ − 1 चा अंदाज घेऊन हीच पायरी करून पाहिली असती तर तो तिथल्या तिथे कोसळला असता.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे, आणि पुढची सगळी अडचण तिच्यातूनच निघते. कितीही वेळा अवकलन केलं तरी उत्तर एकपदीच राहिलं. प्रत्येक पायरीवर एक गुणक वाढला, बेरीज कुठेच आली नाही. बेरीज आली की काय होतं, ते पाहायला 1/(1+x²) घेऊ. हा tan⁻¹x चा पहिला अवकलज आहे, म्हणून त्यालाच y₁ म्हणू.

y₁ = 1/(1+x²)
y₂ = −2x/(1+x²)²
y₃ = (6x² − 2)/(1+x²)³
y₄ = (24x − 24x³)/(1+x²)⁴

छेदांची चाल स्पष्ट आहे. अंशात मात्र दर दोन पायऱ्यांनी एकेक पद वाढत जातं, आणि गुणाकार लांबणीवर टाकायची युक्ती चालत नाही, कारण प्रत्येक सहगुणक दोन ठिकाणच्या पदांची बेरीज होऊन बनतो. आणखी एक पायरी पुढे गेलो तर अंश 120x⁴ − 240x² + 24 येतो. इथे बरेच जण सोडून देतात.

अशा वेळी उत्तराकडे टक लावून बसण्यापेक्षा प्रश्नाचं रूप बदलणं चांगलं. y = tan⁻¹x म्हणजे x = tan y. मग 1/(1+x²) म्हणजे cos²y. प्रत्येक अवकलज x ऐवजी y मध्ये लिहायचा, y च्या सापेक्ष अवकलन करायचं, आणि साखळी नियमाप्रमाणे दर वेळी cos²y ने गुणायचं. पहिली पायरी:

y₂ = (−2 cos y sin y) · cos²y = −cos²y · sin 2y

पुढच्या पायरीवर गुणाकाराचा नियम वापरावा लागतो, म्हणजे दोन पदं येतात:

y₃ = (−2 cos²y cos 2y + 2 cos y sin y sin 2y) · cos²y

कंसातून −2 cos y बाहेर काढलं की आत cos 2y cos y − sin 2y sin y उरतं, आणि ते म्हणजे cos 3y. बेरीज पुन्हा एका पदात मिटली! हे योगायोगाने झालेलं नाही. कोनांच्या बेरजेचं सूत्र दर पायरीला हेच काम करतं. चारही अवकलज एकाखाली एक लिहू:

y₁ = cos y · cos y
y₂ = −cos²y · sin 2y
y₃ = −2 cos³y · cos 3y
y₄ = 6 cos⁴y · sin 4y

cos y चा घात n, कोनाचा गुणक n, आणि आकडे १, १, २, ६, म्हणजे (n−1)!. राहिली ती चिन्हं आणि sin-cos ची अदलाबदल. कोनात π/2 मिळवलं की sin चा cos होतो, आणखी π/2 मिळवलं की −sin होतो. तेव्हा दर पायरीला कोनात एक π/2 वाढतो असं धरलं की सगळंच एका ओळीत मावतं:

yₙ = (n−1)! · cosⁿy · sin(n(y + π/2))

x = 1 ठेवून पडताळू. तेव्हा y = π/4. चौथ्या अवकलजात sin 4y = sin π = 0, म्हणून उत्तर शून्य. वरच्या x मधल्या रूपात 24 − 24, तेही शून्य. तिसऱ्यात दोन्हीकडून 1/2 येतं.

आता हे सूत्र हाती असताना मागे वळून त्या अंशांकडे पाहण्यासारखं आहे. प्रत्येकातून (n−1)! बाहेर काढा: y₃ मध्ये 2(3x² − 1), y₄ मध्ये −6(4x³ − 4x), y₅ मध्ये 24(5x⁴ − 10x² + 1). कंसातले ५, १०, १ हे आकडे पास्कलच्या त्रिकोणाच्या 1, 5, 10, 10, 5, 1 या ओळीतले एकाआड एक आकडे आहेत, आणि ४, ४ हे 1, 4, 6, 4, 1 मधले. म्हणजे नमुना पहिल्यापासून तिथे होता. १२०, २४०, २४ असे गुणून ठेवलेले आकडे पाहत होतो, म्हणून तो दिसला नाही.

सूत्राचा उपयोगही लगेच होतो. x = 0 ला y = 0, म्हणून सगळे सम क्रमांकांचे अवकलज शून्य होतात आणि विषम क्रमांकांचे १, −२, २४, −७२० असे येतात. त्यांना अनुक्रमे 1!, 3!, 5!, 7! ने भागलं की tan⁻¹x ची श्रेढी मिळते: x − x³/3 + x⁵/5 − x⁷/7 … केरळातल्या माधवाच्या परंपरेतल्या गणितज्ञांना ही श्रेढी युरोपच्या फार आधी माहीत होती, पण त्यांची वाट अवकलजांची नव्हती, भूमितीची होती.

युरोपात ही श्रेढी १६७१ मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरीने लिहिली. १५ फेब्रुवारी १६७१ ला त्याने लंडनच्या जॉन कॉलिन्सला पत्रातून काही श्रेढी कळवल्या, त्यांत tan⁻¹x ची होती आणि tan x चीही. त्या कशा काढल्या हे पत्रात नव्हतं. ते कळलं विसाव्या शतकात. एडिंबरोच्या गिडियन शॉ नावाच्या पुस्तकविक्रेत्याने २९ जानेवारी १६७१ ला ग्रेगरीला लिहिलेल्या पत्राच्या कोऱ्या जागेत ग्रेगरीने आकडेमोड केलेली आहे, आणि ती आहे एकामागून एक काढलेल्या अवकलजांची. एच. डब्ल्यू. टर्नबुल यांनी ती अभ्यासून १९३९ च्या ग्रेगरी स्मृतिग्रंथात छापली. ज्या पद्धतीला आज टेलरचं नाव आहे ती टेलरने १७१५ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे ग्रेगरी त्याच्या चाळीसहून अधिक वर्षं पुढे होता.

त्या आकडेमोडीत tan x आहे, आणि tan x हेच आपल्या पद्धतीची मर्यादा दाखवणारं फलन आहे. tan x ला t म्हटलं तर त्याचा अवकलज 1 + t². पुढे प्रत्येक वेळी t मध्ये अवकलन करून 1 + t² ने गुणायचं:

y₁ = 1 + t²
y₂ = 2t + 2t³
y₃ = 2 + 8t² + 6t⁴
y₄ = 16t + 40t³ + 24t⁵
y₅ = 16 + 136t² + 240t⁴ + 120t⁶

सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक n! आहे, तेवढी ओळख पटते. बाकीच्यांचं काय? चौथ्या ओळीतला ४० हा १६ आणि २४ यांची बेरीज आहे, आणि त्याला गुणाकाराचा कसलाही साधा इतिहास नाही. tan⁻¹x च्या वेळी रूप बदलून आपण पदं एकत्र मिटवली, तसं एकपदी रूप tan x साठी मिळत नाही. x = 0 ला येणारे आकडे १, २, १६, २७२, ७९३६ असे आहेत. ते बर्नुली संख्यांच्या साहाय्याने लिहिता येतात, पण बर्नुली संख्या काढायलाही पुन्हा बेरजांची साखळीच लागते. म्हणून tan x साठी आपल्याकडे आहे ती पायरीवरून पायरीवर जाण्याची कृती. n घातला की उत्तर देणारं 1/x सारखं छोटं सूत्र नाही.

पायऱ्या हाताने चढायच्या म्हटल्या की चुका होणार, आणि ग्रेगरीची चूक इथेच झाली. tan x च्या श्रेढीत x⁹ चा सहगुणक त्याने 3233/181440 असा लिहिला. बरोबर उत्तर 62/2835, म्हणजेच 3968/181440. म्हणजे ७९३६ च्या जागी त्याच्याकडे ६४६६ आला होता. कागदावरच्या अवकलजांतही चूक आहे आणि तीच पत्रात उतरली आहे. म्हणूनच टर्नबुल यांना ठामपणे म्हणता आलं की पत्रातली श्रेढी याच अवकलजांवरून काढलेली आहे.

६४६६ नुसतं पाहून चूक कळत नाही. तो पूर्णांक आहे, धन आहे, सम आहे. पण श्रेढीतल्या लागोपाठच्या सहगुणकांचं गुणोत्तर काढून पाहा. 1/3 वरून 2/15 वर जाताना ते ०.४ आहे. 2/15 वरून 17/315 वर जाताना ०.४०४८. 17/315 वरून 62/2835 वर जाताना ०.४०५२. ही गुणोत्तरं 4/π², म्हणजे सुमारे ०.४०५३, या संख्येकडे जात आहेत, कारण tan x हे x = π/2 ला अनंताकडे जातं आणि श्रेढीची वाढ त्या अंतरावर ठरते. ग्रेगरीच्या आकड्याने हे गुणोत्तर एकदम ०.३३ वर घसरतं. इतक्या शांतपणे स्थिरावत चाललेला क्रम मध्येच असा मोडला, की मागची पायरी पुन्हा करायला हवी. सूत्र नसलं तरी आकड्यांची चाल तपासता येते, आणि हाताने केलेल्या लांब आकडेमोडीत मला हीच तपासणी सर्वांत भरवशाची वाटते.

आता वाचकांनी एक फलन स्वतः करून पाहावं: x/(x² − 1). सरळ अवकलन करायला गेलात तर पहिल्या पायरीपासूनच अंश वाढू लागेल. आधी त्याचे दोन तुकडे करा, 1/(x−1) आणि 1/(x+1) यांची अर्धी बेरीज. मग या प्रकरणातलं पहिलंच सूत्र दोन्ही तुकड्यांना लावा, आणि गुणाकार करू नका. तुमचं सूत्र बरोबर असेल तर x = 0 ठेवल्यावर दहावा अवकलज शून्य येईल आणि नववा −३,६२,८८०.